क्युबिक बेझिए वक्राचे रेषाखंड: टॉलरन्स पाळून मोजके तुकडे कसे करावेत

देवनागरी अक्षराची बाह्यरेषा असो किंवा एखाद्या जाळीचे डिझाइन असो, एसव्हीजी फाईलमध्ये ती बहुतेक वेळा क्युबिक बेझिए वक्रांच्या रूपात साठवलेली असते. लेझर किंवा राउटर चालवणाऱ्या Grbl सारख्या नियंत्रकाला मात्र सरळ रेषा (`G1`) आणि वर्तुळाचा कंस (`G2`, `G3`) एवढेच समजते. त्यामुळे मधल्या प्रोग्रामला वक्राचे छोटे रेषाखंड करावे लागतात, आणि ते करताना एक अट पाळावी लागते: मूळ वक्र आणि तुटक रेषा यांच्यातले अंतर कुठेही ठरवलेल्या टॉलरन्सपेक्षा जास्त होता कामा नये. ही अट केवळ अंदाजाने नव्हे, तर खात्रीने पाळणारी आणि तरीही तुकड्यांची उधळपट्टी न करणारी एक पद्धत या लेखात पायरीपायरीने मांडली आहे.

सर्व उदाहरणांत मोजमाप मिलिमीटरमध्ये आहे आणि टॉलरन्स ०.०५ मिमी धरला आहे.

पहिली पायरी: आधी मापात आणा, मग तुकडे करा

फाईलमधले आकडे मिलिमीटरमध्ये असतीलच असे नाही. एसव्हीजीमध्ये एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल असे धरले जाते, त्यावर `viewBox` चे प्रमाण लागते आणि शिवाय प्रत्येक गटाला स्वतःचे `transform` असू शकते. फॉन्टमधील अक्षर तर बऱ्याचदा १००० एककांच्या चौकटीत आखलेले असते. अशा चौकटीतले अक्षर ३०० मिमी उंचीत कापायचे असेल, तर एक एकक म्हणजे ०.३ मिमी होते. अशा वेळी फॉन्टच्या एककांतच ०.०५ चा टॉलरन्स लावला, तर प्रत्यक्षात तो ०.०१५ मिमी होतो आणि तुकडे जवळजवळ दुप्पट पडतात. उलट दिशेने चूक झाली, तर अक्षर कोनाकोनांचे दिसते.

यावर उपाय सोपा आहे. बेझिए वक्राचे सरकवणे, फिरवणे, ताणणे हे सगळे त्याच्या चार नियंत्रण बिंदूंवर केले की वक्रावर आपोआप होते. म्हणून सर्व रूपांतरे आधी `P0`, `P1`, `P2`, `P3` या बिंदूंवर लावून घ्यावीत आणि शेवटच्या, म्हणजे यंत्राच्या, मापातच तुकडे करावेत. आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळे ताणलेले अक्षर असेल, तर याला पर्यायच नाही, कारण तिथे एका आकड्याने टॉलरन्स बदलून भागत नाही.

दुसरी पायरी: वक्र जीवेपासून किती दूर जाऊ शकतो

बेझिए वक्राचे सूत्र असे आहे:

```
B(t) = (1-t)^3 P0 + 3(1-t)^2 t P1 + 3(1-t) t^2 P2 + t^3 P3
```

इथे `t` हा ० ते १ असा जातो. `t` म्हणजे वेळ आणि `B(t)` म्हणजे त्या वेळी पेनाचे टोक कुठे आहे, असे मानले की पुढचा सगळा हिशोब शाळेतल्या गतीच्या समीकरणांवर येतो. पेनाच्या टोकाचे त्वरण असे निघते:

```
a = P0 - 2 P1 + P2
b = P1 - 2 P2 + P3
d(t) = (1-t) a + t b
B''(t) = 6 d(t)
```

क्युबिक वक्राचे त्वरण `t` बरोबर सरळ रेषेत बदलते, ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. सरळ रेषेत बदलणाऱ्या सदिशाची लांबी कोणत्याही अंतरालात एका टोकालाच सर्वाधिक असते. त्यामुळे वक्राच्या कोणत्याही तुकड्यातले कमाल त्वरण शोधण्यासाठी दोन टोकांकडे पाहिले की पुरते; मधले नमुने घेण्याची गरज उरत नाही.

आता एक चेंडू वर फेकला आणि तो `h` सेकंदांनी हातात परत आला असे समजा. अर्ध्या वेळात, म्हणजे `h/2` सेकंदांत, तो सर्वोच्च बिंदूपर्यंत पोहोचतो, आणि ती उंची `g h²/8` असते. वक्र आणि जीवा यांचा संबंध अगदी असाच आहे. वक्रावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या जीवेवरून दुसरे एक टोक त्याच वेळात एकसमान वेगाने जात आहे असे धरले, तर दोन्ही टोके सुरुवातीला आणि शेवटी एकत्र असतात आणि मध्ये त्यांच्यात पडणारे अंतर कमाल त्वरण गुणिले `h²/8` याच्या पुढे जात नाही. त्वरणाच्या जागी `6 d` घातले की सूत्र मिळते:

```
अंतर <= (3/4) * h^2 * max(|d(t)|, |d(t+h)|)
```

हे अंतर एकाच वेळी दोन टोके कुठे आहेत यावरून मोजलेले आहे. वक्रावरच्या बिंदूपासून जीवेवरचा सर्वांत जवळचा बिंदू याहून जवळच असणार, म्हणून ही मर्यादा नेहमी सुरक्षित बाजूला राहते. जीवेवरच्या प्रत्येक बिंदूलाही वक्रावर जोडीदार असल्यामुळे उलट दिशेनेही तीच खात्री मिळते.

संपूर्ण वक्राचे `n` समान भाग केले तर `h = 1/n`, आणि `a`, `b` यांच्यातली मोठी लांबी `M` धरली तर लागणारे भाग असे निघतात:

```
n = ceil( sqrt( 3 M / (4 tol) ) )
```

हेच वांग यांचे सूत्र म्हणून ओळखले जाते. टॉलरन्स चौपट कडक केला की तुकडे दुप्पट होतात, हेही त्यातून दिसते.

एक उदाहरण करून पाहू. ५० मिमी त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग बेझिएने आखताना `P0 = (50, 0)`, `P1 = (50, 27.614)`, `P2 = (27.614, 50)`, `P3 = (0, 50)` असे बिंदू घेतले जातात. `a = (-22.386, -5.228)`, त्याची लांबी २२.९९, सममितीमुळे `b` चीही तेवढीच. सूत्रातून १८.५७ येतात, म्हणजे १९ भाग. खऱ्या वर्तुळाच्या भूमितीवरून हिशोब केला तर पाव वर्तुळाला १८ भाग लागतात. एका तुकड्याच्या फरकात मिळणारी खात्री इथे स्वस्तच आहे. एक बाब मात्र ध्यानात ठेवावी: हा बेझिए स्वतःच खऱ्या वर्तुळापासून जास्तीत जास्त ०.०१४ मिमी बाहेर असतो. आपला टॉलरन्स बेझिएपासून मोजलेला आहे, वर्तुळापासून नाही.

तिसरी पायरी: समान भाग न करता पुढे सरकत जा

पाव वर्तुळ सगळीकडे सारखेच वळते. अक्षराच्या शेपटीचे तसे नसते. ती सुरुवातीला जोरात वळते आणि पुढे जवळजवळ सरळ जाते. असा एक वक्र घेऊ: `P0 = (0, 0)`, `P1 = (0, 30)`, `P2 = (40, 40)`, `P3 = (80, 50)`. येथे `a = (40, -20)`, लांबी ४४.७२, आणि `b = (0, 0)`, म्हणजे शेवटाकडे त्वरण शून्यावर येते. समान भागांच्या सूत्राने २६ तुकडे पडतात, आणि शेवटच्या सरळ भागातही ते सुरुवातीइतकेच दाट असतात.

यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे निम्मे-निम्मे करत जाणे. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या रीतीने वक्र मधोमध सहज दुभंगता येतो. अर्धा भाग टॉलरन्समध्ये बसला तर रेषा काढायची, नाही तर त्याचेही दोन भाग करायचे. ही पद्धत सुटसुटीत आहे, पण आपल्याच वक्रावर वरची मर्यादा लावून ती चालवून पाहिली की आश्चर्य वाटते: सुरुवातीचे २० तुकडे १/३२ लांबीचे आणि नंतरचे ६ तुकडे १/१६ लांबीचे, एकूण पुन्हा २६. कारण असे की प्रत्येक दुभंगण्याने अंतर चौपटीने घटते, त्यामुळे टॉलरन्सच्या किंचित बाहेर असलेला तुकडा दुभंगल्यावर गरजेच्या चौपट अचूक होतो, आणि ती अचूकता कोणी मागितलेली नसते.

त्यापेक्षा वक्राच्या सुरुवातीपासून पुढे सरकत जावे आणि प्रत्येक ठिकाणी टॉलरन्स परवानगी देईल तेवढे मोठे पाऊल टाकावे. सध्याच्या `t` वरची `|d(t)|` घेऊन `h = sqrt(4 tol / (3 |d|))` काढावे. पुढे त्वरण वाढत असेल, तर हे पाऊल जास्त मोठे ठरेल. म्हणून पावलाच्या दुसऱ्या टोकाची `|d(t+h)|` काढून दोहोंतल्या मोठ्या आकड्याने `h` पुन्हा काढावे. ही दुरुस्ती एकदाच पुरते, कारण पाऊल लहान केल्यावर नवा अंतराल जुन्याच्या आतच असतो आणि तिथले कमाल त्वरण जुन्या कमालीपेक्षा जास्त असूच शकत नाही.

```python
from math import hypot, sqrt

def flatten(p0, p1, p2, p3, tol):
    ax, ay = p0[0]-2*p1[0]+p2[0], p0[1]-2*p1[1]+p2[1]
    bx, by = p1[0]-2*p2[0]+p3[0], p1[1]-2*p2[1]+p3[1]

    def d(t):
        return hypot(ax+(bx-ax)*t, ay+(by-ay)*t)

    def step(m):
        return sqrt(4*tol/(3*m)) if m > 0 else 1.0

    def point(t):
        s = 1-t
        w = (s*s*s, 3*s*s*t, 3*s*t*t, t*t*t)
        q = (p0, p1, p2, p3)
        return tuple(sum(w[i]*q[i][k] for i in range(4)) for k in (0, 1))

    pts, t = [p0], 0.0
    while True:
        h = min(step(d(t)), 1-t)
        h = min(h, step(max(d(t), d(t+h))))
        if t + h >= 1 - 1e-9:
            break
        t += h
        pts.append(point(t))
    pts.append(p3)
    return pts
```

याच वक्रावर हे चालवल्यास पहिले पाऊल `t` मध्ये ०.०३८६ चे पडते, दहावे सुमारे ०.०४९ चे आणि अठरावे ०.११ चे. एकूण १९ तुकडे होतात. वक्र उलट दिशेने दिला, म्हणजे सरळ भागाकडून सुरुवात केली, तर दुरुस्ती थोडी जास्त काळजी घेते आणि २० तुकडे पडतात. दोन्ही दिशांना खात्री तीच राहते.

शेवटचा बिंदू सूत्रातून न काढता `p3` जसाच्या तसा जोडला आहे, याकडे लक्ष द्यावे. बंद आकारात एका वक्राचा शेवट हाच पुढच्याचा आरंभ असतो. तिथे दशांशाच्या पंधराव्या घरात जरी फरक पडला, तरी बाह्यरेषा बंद आहे की नाही हे तपासणारा पुढचा प्रोग्राम ती उघडी समजू शकतो.

चौथी पायरी: सरळ वक्र आधी बाजूला काढा

वरच्या मर्यादेला एक उणीव आहे. ती त्वरण पाहते, पण ते त्वरण वळण्यासाठी आहे की त्याच रेषेवर वेग वाढवण्यासाठी, हे पाहत नाही. चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमधून अनेकदा अशी सरळ रेषा येते जी वक्र म्हणून साठवलेली असते आणि जिची दोन्ही हँडल टोकांत मिटलेली असतात, म्हणजे `P1 = P0` आणि `P2 = P3`. अशी ८० मिमी लांबीची रेषा असेल, तर `|a|` आणि `|b|` दोन्ही ८० येतात आणि समान भागांचे सूत्र एका सरळ रेषेचे ३५ तुकडे करते. पावलांची पद्धतही इथे फारशी बरी ठरत नाही.

म्हणून `flatten` बोलावण्याआधी एक चाचणी करावी: `P1` आणि `P2` यांचे `P0P3` या रेषाखंडापासूनचे अंतर टॉलरन्सच्या आत असेल, तर एकच रेषा काढून मोकळे व्हावे. वक्र नेहमी चार नियंत्रण बिंदूंभोवती ताणलेल्या दोऱ्याच्या आत राहतो, त्यामुळे ही चाचणी कधीही फसवत नाही. मात्र अंतर रेषाखंडापासून मोजायचे आहे, दोन्ही बाजूंना अमर्याद वाढवलेल्या रेषेपासून नव्हे. हँडल त्याच रेषेवर पण टोकाच्या पलीकडे गेलेले असेल, तर वक्र पुढे जाऊन मागे वळतो. अमर्याद रेषेपासून मोजलेले अंतर तिथे शून्य येते आणि तो पुढे गेलेला भाग कापलाच जात नाही. `P0` आणि `P3` एकच असले, म्हणजे वक्र फास होऊन परत आला, तर रेषेची दिशाच उरत नाही आणि शून्याने भागाकार होतो. अशा वेळी त्या बिंदूपासूनचे साधे अंतर घ्यावे.

जी चाचणी वापरू नये

काही प्रोग्राममध्ये वक्राचा मधला बिंदू जीवेच्या मध्यापासून किती दूर आहे एवढेच पाहून वक्र सपाट आहे की नाही ते ठरवलेले आढळते. ती चाचणी कशी कोसळते हे पाहण्यासाठी हा वक्र घ्यावा: `P0 = (0, 0)`, `P1 = (0, 40)`, `P2 = (60, -40)`, `P3 = (60, 0)`. तो आधी वर आणि मग खाली जातो. `t = 0.5` ला त्याचा बिंदू नेमका (३०, ०) येतो, म्हणजे अगदी जीवेच्या मध्यावर. चाचणी अंतर शून्य सांगते आणि संपूर्ण वळणाच्या जागी ६० मिमीची एक सरळ रेषा निघते, तर प्रत्यक्षात वक्र जीवेपासून ११.५ मिमी दूर गेलेला असतो. देवनागरीत अशी दुहेरी वळणे जागोजागी असतात. दोष ओळखण्याची खूण अशी की इतर सर्व वळणे गुळगुळीत असतात आणि एखादेच वळण संपूर्ण नाहीसे होते. टॉलरन्स कितीही कमी केला तरी ते परत येत नाही. आपल्या पद्धतीत या वक्राला समान भागांनी ४५ तुकडे मिळतात, कारण ती मधल्या बिंदूवर विसंबलेली नाही.

वक्रता मोजून तुकडे ठरवणाऱ्या पद्धती आणखी एका ठिकाणी अडतात. वक्राला मध्येच टोक आले, तर तिथे वेग शून्य होतो आणि वक्रतेचा आकडा अनंताकडे जातो. त्वरणावर आधारलेल्या हिशोबात वेगाने भागावे लागत नसल्यामुळे टोक आले तरी काही बिघडत नाही.

टॉलरन्स किती ठेवावा

०.०५ मिमी म्हणजे लेझरच्या कापाच्या रुंदीपेक्षाही कमी, म्हणून तेवढे पुरे असे वाटते. परंतु डोळा आणि बोट अंतराइतकेच कोनालाही ओळखतात. ५० मिमी त्रिज्येच्या वळणावर ०.०५ च्या टॉलरन्सने सुमारे ४.५ मिमी लांबीचे तुकडे पडतात आणि दोन तुकड्यांमध्ये ५ अंशांचा कोन येतो. ॲक्रिलिकच्या चकचकीत कापलेल्या कडेवर प्रकाश तिरका पडला की हे पैलू स्पष्ट दिसतात, आणि कडेवरून नख फिरवले तर ते नखालाही लागतात. टॉलरन्स ०.०१ केला की तुकडे २ मिमीचे आणि कोन सव्वादोन अंशांच्या आसपास होतो, आणि कड एकसंध दिसू लागते. उलट टोकाला, १ मिमी त्रिज्येच्या अनुस्वाराचा ०.०५ च्या टॉलरन्सने दशकोन होतो. म्हणून ॲक्रिलिकसाठी ०.०१ आणि प्लायवूडसाठी ०.०५, अशी सुरुवात मी सुचवेन.

याहून फार खाली जाण्यात तोटा आहे. Grbl पुढच्या रेषांचा विचार करून वेग ठरवतो, पण साध्या अर्डुइनो युनोवर त्याच्या नियोजनात एका वेळी सोळाच रेषा मावतात, आणि त्यांच्या शेवटी थांबता येईल एवढाच वेग तो घेतो. त्याच १ मिमी त्रिज्येच्या वळणांवर ०.००१ चा टॉलरन्स दिला, तर एक रेषा सुमारे ०.०९ मिमीची होते, म्हणजे यंत्राला पुढचे जेमतेम १.४ मिमी दिसते. त्वरणाची सेटिंग २०० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल, तर `sqrt(2 * 200 * 1.4)` म्हणजे सेकंदाला २४ मिमी, अर्थात मिनिटाला १४०० मिमीच्या आसपासच वेग मिळेल, मग फाईलमध्ये `F3000` लिहिलेले असले तरी. लेझर मंदावला की त्या जागी कड जळून काळी पडते. लांब सरळ रेषांवर स्वच्छ कड आणि नेमक्या बारीक वळणांवर काळेपणा दिसला, तर लेन्सकडे वळण्याआधी फाईलमधील रेषांची लांबी तपासावी.

निकाल तपासणे

हिशोब बरोबर असला तरी कोडमध्ये चिन्हाची एक चूक पुरते, म्हणून शेवटी मोजून पाहावे. प्रत्येक तुकड्यासाठी त्याच्या दोन `t` मूल्यांमध्ये पन्नासेक बिंदू घ्यावेत, प्रत्येकाचे त्या रेषाखंडापासूनचे अंतर काढावे आणि सर्वांतले मोठे अंतर छापावे. त्यासाठी `flatten` मधून बिंदूंबरोबर `t` ची यादीही परत घ्यावी लागेल. पाव वर्तुळाचे १९ समान भाग केले, तर हे अंतर ०.०४६ मिमीच्या आसपास यायला हवे. ते टॉलरन्सच्या वर गेले, तर चूक बहुधा `a` किंवा `b` च्या चिन्हात असते. ते टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकेच असेल, तर कुठेतरी टॉलरन्स दोनदा मापात आणला गेला आहे का ते पाहावे. त्यानंतर मिटलेल्या हँडलची सरळ रेषा, वर-खाली जाणारे दुहेरी वळण, टोकाच्या पलीकडे गेलेले हँडल आणि आरंभ व शेवट एकच असलेला फास, हे चार वक्र तपासणीत कायमचे ठेवावेत.